कोन फोटोतून, लांबी टेपने: बाजूच्या फोटोवरून उतरत्या छताच्या पत्र्याचा अंदाज

पाटण, जावळी किंवा महाबळेश्वरच्या बाजूला जुन्या घरांची छपरं चांगली उभी असतात. पाऊस तसाच असतो. तिथून पूर्वेला सरकत सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीपर्यंत गेलं, की पाऊस कमी होतो आणि छपरंही बरीच पसरट दिसायला लागतात. पत्र्याचा अंदाज काढणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक पैशाचा आहे. एकाच लांबी-रुंदीच्या दोन घरांना, जमिनीवर माप तेवढंच भरत असूनही, उभ्या छपराला पत्रा जास्त लागतो. किती जास्त, हे फक्त एका गोष्टीवर ठरतं: छपराचा जमिनीशी असलेला कोन.

तो कोन मोजायला कौलांवर चढायची गरज नाही, आणि चढूही नये. जुने वासे, पावसात भिजलेल्या रीपा आणि शेवाळलेली कौलं यांच्यावर माणसाचा भार टाकणं धोक्याचं आहे. घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीचा एक नीट फोटो घेतला तर कोन एका अंशाच्या आसपास अचूक निघतो. फक्त फोटोतून काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, हे आधी स्पष्ट पाहिजे. बहुतेक चुका तिथेच होतात.

भूमिती एवढीच

दुपाखी छपराकडे बाजूने पाहा. मध्ये उंचावर आढं, दोन्हीकडे खाली वळचण. आढ्यातून ओळंबा सोडला तर छपराचे दोन काटकोन त्रिकोण होतात. त्यातल्या एका त्रिकोणाची आडवी बाजू म्हणजे आढ्याच्या बरोबर खालून वळचणीच्या टोकापर्यंतचं जमिनीवरचं अंतर. उभी बाजू म्हणजे वळचणीपासून आढं जितकं वर आहे ती उंची. आणि तिरकी बाजू म्हणजे पत्र्याची लांबी, जी आपल्याला हवी आहे.

उभ्या बाजूला आडव्या बाजूने भागलं की कोनाचा टॅन्जंट मिळतो. कोन मिळाला की आडव्या अंतराला त्याच्या कोसाइनने भागायचं, पत्र्याची लांबी आली. दहावीच्या त्रिकोणमितीपेक्षा यात जास्त काही नाही. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी गुणक पुरेसा आहे. जमिनीवरच्या मापाला याने गुणायचं:

१० अंशाला १.०१५
१५ अंशाला १.०३५
२० अंशाला १.०६४
२५ अंशाला १.१०३
३० अंशाला १.१५५
३५ अंशाला १.२२१
४० अंशाला १.३०५

या आकड्यांकडे थोडा वेळ पाहण्यासारखं आहे. १० अंशाच्या पसरट शेडला उतार धरला काय न धरला काय, फरक दीड टक्क्याचा आहे. पत्रे कापताना त्यापेक्षा जास्त वाया जातो. पण ३५ अंशाच्या छपराला जमिनीवरच्या मापाने पत्रा मागवला, तर शंभर चौरस फुटांमागे बावीस चौरस फूट कमी पडतात. म्हणून ही सगळी उठाठेव घाटाकडच्या उभ्या छपरांसाठी आहे. गोठ्याच्या किंवा दुकानाच्या सपाट शेडसाठी तिची गरज नाही.

दुसरी गोष्ट अशी की हा गुणक कोनातली छोटी चूक पोटात घेतो. २५ अंशाच्या जागी २६ धरले तर पत्र्याची लांबी जेमतेम ०.८ टक्के वाढते. बारा फुटांच्या आडव्या अंतरावर हा फरक सव्वा इंचाचा आहे. उलट, आडवं अंतर मोजताना टेप तीन इंच चुकली तर पत्रा तीन इंचांहून थोडा जास्तच चुकतो. थोडक्यात, कोनाला माफी आहे, लांबीला नाही.

फोटोतून लांबी का काढू नये

मोबाईलवर मापं काढून देणारी ॲप असतात. भिंतीची रुंदी २० फूट माहीत आहे, फोटोत ती इतक्या पिक्सेलची दिसते, म्हणून एक फूट म्हणजे इतके पिक्सेल, आणि मग त्याच पट्टीने पत्र्याची कड मोजायची, असा तो मार्ग. दिसायला सोपा आहे, पण छपराची कड भिंतीच्या पातळीत नसते. पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून ती फूट-दीड फूट पुढे काढलेली असते. तुम्ही भिंतीपासून ३० फुटांवर उभे असाल आणि छपराची कड दीड फूट पुढे असेल, तर ती तुमच्यापासून साडेअठ्ठावीस फुटांवरच आहे. जवळची वस्तू मोठी दिसते. तीस भागिले साडेअठ्ठावीस म्हणजे १.०५, म्हणजे भिंतीच्या पट्टीने मोजलेली कड पाच टक्के जास्त भरणार. तेरा फुटांच्या पत्र्यात आठ इंच.

कोनाला हा रोग लागत नाही. आढ्याचं टोक आणि दोन्ही वळचणींची टोकं ही तिन्ही एकाच पातळीत आहेत. ती सगळी सारख्याच प्रमाणात मोठी किंवा लहान दिसतात, त्यामुळे उभ्या-आडव्याचं गुणोत्तर बदलत नाही. अट एकच, तिन्ही बिंदू एकाच कडेवरचे घ्यायचे. आढ्याचं टोक पुढच्या कौलावरचं आणि वळचणीचा बिंदू मागच्या भिंतीवरचा, असं मिसळलं की उत्तर बिघडलं.

म्हणून नियम सरळ ठेवावा: फोटोतून कोन, टेपने लांबी. टेपने तीनच मापं लागतात, आणि तिन्ही जमिनीवर उभं राहून मिळतात. त्रिकोणी भिंतीची बाहेरून बाहेर रुंदी, वळचण भिंतीच्या पुढे किती आली आहे ते अंतर, आणि आढ्याच्या दिशेने घराची लांबी, तीही दोन्ही टोकांना पुढे आलेल्या कडांसकट. वळचणीचं अंतर काढायला बांबूच्या टोकाला बांधून ओळंबा सोडावा. कौलारू घराच्या कडेला पागोळ्यांनी पाडलेली चर असते. दोन्ही बाजूंच्या चरींमधलं अंतर मोजलं तर छपराची एकूण रुंदी पटकन कळते, पण पाणी कौल सोडताना थोडं पुढे उडतं, त्यामुळे हे माप दोन-चार इंच जास्तच भरतं. पडताळणीला ठीक आहे, ऑर्डरला नाही.

फोटो कसा घ्यावा आणि कुठे फसतो

फोन भिंतीला समांतर धरला तर भिंतीच्या पातळीतली प्रत्येक आकृती फोटोत तशीच्या तशी उमटते, फक्त लहान होऊन. तुम्ही खाली उभे आहात आणि आढं वर आहे, याने काही बिघडत नाही. बिघडतं ते आढं चौकटीत यावं म्हणून फोन मागे झुकवला की.

हे किती बिघडतं ते आकड्यांत पाहू. छपराचा खरा कोन २५ अंश, आढं तुमच्या डोळ्यांच्या पातळीपासून १४ फूट वर. ३० फूट लांब उभं राहून फोन १५ अंश वर झुकवला, तर फोटोत कोन सुमारे २३ अंश दिसतो. ही चूक चालून जाईल. पण गल्ली अरुंद आहे म्हणून १५ फुटांवरच उभे राहिलात आणि फोन ३५ अंश झुकवला, तर तोच कोन १९ अंश दिसतो. पत्रा चार टक्क्यांहून जास्त कमी पडणार. फोन झुकला आहे हे फोटोतच कळतं: भिंतीचे दोन उभे कोपरे वर जाताना एकमेकांकडे कललेले दिसतात. ते समांतर नसतील तर फोटो टाकून द्यावा आणि परत घ्यावा.

उपाय म्हणजे मागे सरकणं. फोन उभा, सरळ धरायचा, खाली निम्म्या फोटोत अंगण आलं तरी चालेल. ते आपल्याला मोजायचं नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चौकटीच्या रेषा सुरू कराव्यात, म्हणजे भिंतीचा कोपरा त्या रेषेशी जुळवता येतो. डोंगरउतारावरच्या वाड्यांमध्ये घरं टप्प्याटप्प्याने वर चढत गेलेली असतात. तिथे वरच्या टप्प्यावरच्या अंगणातून किंवा शेजाऱ्याच्या गच्चीवरून आढ्याच्या पातळीतच फोटो मिळतो, आणि झुकवायचा प्रश्नच राहत नाही. जागा कमी आहे म्हणून ०.५ वाली रुंद लेन्स वापरण्याचा मोह टाळावा. तिच्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात, आणि वळचणीची टोकं नेमकी कडेलाच असतात.

दुसरी चूक म्हणजे भिंतीच्या समोर न उभं राहता तिरकं उभं राहणं. घराचा पुढचा भागही फोटोत यावा असं वाटतं, आणि तिथेच घोटाळा होतो. तिरकं पाहिलं की रुंदी आखडते, उंची आखडत नाही, म्हणून कोन खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. ३० अंश तिरके उभे असाल तर २५ अंशाचं छप्पर २८ अंशांचं भासतं. म्हणजे झुकवल्याने पत्रा कमी पडतो, तिरका घेतल्याने जास्त येतो. अंदाज सतत एकाच बाजूला चुकत असेल तर कुठली सवय नडते आहे ते यावरून ओळखता येतं.

तिरकेपणा पकडायला दोन पडताळण्या आहेत. जवळून घेतलेल्या तिरक्या फोटोत जवळचं पाखं लांब आणि लांबचं पाखं आखूड दिसतं, तेव्हा दोन्ही पाख्यांची फोटोतली लांबी काढून पाहावी. पण लांबून झूम करून घेतलेल्या फोटोत हा फरक उरत नाही. दोन्ही पाखी सारखीच आखडतात आणि फोटो निर्दोष वाटतो. तिथे भिंतीतली खिडकी कामाला येते. समजा, खिडकी टेपने ३ फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे, म्हणजे रुंदी भागिले उंची ०.७५ यायला हवी. फोटोत ती २१० पिक्सेल रुंद आणि ३०० उंच आली, तर ०.७०. याचा अर्थ रुंदी ०.७० भागिले ०.७५, म्हणजे ०.९३३ पट झाली आहे. मग छपराचं उभं भागिले आडवं हे गुणोत्तर त्याच ०.९३३ ने गुणायचं. फोटोत ०.५० आलं असेल तर खरं ०.४६७. म्हणजे साडेसव्वीस अंशांचा कोन खरा पंचवीसचा निघाला. खिडकी नसेल तर भिंतीवर खडूने फूट-दीड फुटाचा चौकोन ओळंब्याने आखून घ्यावा.

खिडकी उलट, उंचीच्या मानाने जास्त रुंद आली तर फोन झुकला होता. ती दुरुस्ती करत बसू नये. झुकल्याची चूक उंचीप्रमाणे बदलते, खिडकीपाशी एक आणि आढ्यापाशी दुसरी.

एक घर, पूर्ण हिशोब

पाटण तालुक्यातलं एक नेहमीचं दुपाखी घर धरू. मंगलोरी कौलं काढून कलर कोटेड पत्रा टाकायचा आहे. टेपची मापं अशी: त्रिकोणी भिंत २० फूट, वळचण दोन्हीकडे २ फूट बाहेर, आढ्याच्या दिशेने भिंती ३२ फूट आणि दोन्ही टोकांना दीड-दीड फूट कड पुढे. म्हणजे आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत आडवं अंतर १० अधिक २, बारा फूट. छपराची लांबी ३५ फूट.

फोटो कॉम्प्युटरवर पेंटमध्ये उघडला. कर्सर जिथे नेऊ तिथले दोन आकडे खालच्या पट्टीत दिसतात: पहिला डावीकडून किती, दुसरा वरून किती. दुसरा आकडा खाली जाताना वाढतो, हे ध्यानात ठेवायचं. फोटो मोठा करून तीन बिंदू टिपले. आढ्याचं टोक २०१०, ८२०. डावी वळचण ६२९, १४८८. उजवी वळचण ३४०९, १४४९.

डाव्या पाख्याचं आडवं अंतर १३८१ आणि उभं ६६८, म्हणून कोन २५.८ अंश. उजव्याचं आडवं १३९९, उभं ६२९, कोन २४.२ अंश. एकाच घराची दोन पाखी दीड अंशाने वेगळी कशी? इथे घाईने मोठा कोन धरून पुढे जाणारे बरेच असतात. आधी दोन्ही वळचणी जोडणारी रेष पाहावी. ती २७८० पिक्सेलच्या लांबीत ३९ पिक्सेल डावीकडे खाली आली आहे, म्हणजे ०.८ अंश कललेली. फोन हातात तेवढा वाकडा होता, बस. डावं पाखं ०.८ ने जास्त आणि उजवं ०.८ ने कमी दिसलं. सरासरी २५.० अंश, हाच खरा कोन. दोन्ही पाख्यांची फोटोतली तिरकी लांबी १५३४ पिक्सेल येते, म्हणजे जवळच्या-लांबच्या पाख्याचा फरक नाही. खिडकीचं गुणोत्तरही जुळलं की फोटो समोरूनच घेतला आहे याची खात्री होते.

सरासरीची ही युक्ती आढं बरोबर मध्यावर आणि वळचणी सारख्या उंचीवर असतील तरच चालते. एक पाखं लांब आणि एक आखूड असेल तर भिंतीवर ओळंबा लटकवून फोटो घ्यावा आणि दोऱ्याची रेष उभी मानून कोन मोजावेत. जुन्या मातीच्या भिंतीचा कोपरा उभा आहे असं धरून चालू नये. तो बाहेर झुकलेला असू शकतो.

गणित शीटमध्ये करायचं असेल तर एवढंच:

```
=DEGREES(ATAN(668/1381))
=DEGREES(ATAN(629/1399))
=12/COS(RADIANS(25))
```

शेवटच्या ओळीचं उत्तर १३.२४, म्हणजे पत्र्याची लांबी तेरा फूट तीन इंच. दोन पाख्यांचं क्षेत्रफळ दोन गुणिले १३.२४ गुणिले ३५, सुमारे ९२७ चौरस फूट. उतार न धरता हेच माप २४ गुणिले ३५, म्हणजे ८४० आलं असतं. ८७ चौरस फुटांचा फरक. चौपाखी छपराला बाजूची त्रिकोणी भिंत नसते, तिथे कोन दुसऱ्या मार्गाने काढावा लागतो. पण चारही पाख्यांचा कोन सारखा असेल तर जमिनीवरचं क्षेत्र गुणिले तोच गुणक हा हिशोब तिथेही जसाच्या तसा लागू आहे. फक्त त्रिकोणी पाख्यांमध्ये तिरकी काटछाट होऊन तुकडे बरेच वाया जातात.

९२७ चौरस फूट छप्पर, पण पत्रा १,०२०

इथे बहुतेक अंदाज थांबतात, आणि दुकानदाराचा आकडा वेगळा आला की गिऱ्हाईकाला आपण फसलो असं वाटतं. छपराचं क्षेत्रफळ आणि विकत घ्यायचा पत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पत्रा पत्र्यावर चढतो. साडेतीन फूट रुंदीचा कलर कोटेड पत्रा प्रत्यक्षात सव्वातीन फुटांच्या आसपासच झाकतो, बाकीचा शेजारच्या पत्र्याच्या पन्हळीवर जातो. ही झाकणारी रुंदी पत्र्याच्या घडणीप्रमाणे बदलते, म्हणून दुकानात आधी तीच विचारावी. सिमेंटच्या पत्र्याला ती ठरलेली आहे: एकूण १.०५ मीटर, झाकते १.०१ मीटर.

आपल्या घराला ३५ फूट झाकायचे आहेत. दहा पत्रे लावले तर नऊ वेळा सव्वातीन आणि शेवटचा पूर्ण साडेतीन, मिळून पावणेतेहतीस फूट. पुरत नाही. अकरा लावले तर ३६ फूट, एक फूट जास्त. पत्रा रुंदीत तोडून मिळत नाही, त्यामुळे अकराच घ्यायचे. दोन्ही पाख्यांचे बावीस. प्रत्येक पत्रा सव्वातेरा फूट लांब आणि साडेतीन रुंद, म्हणजे सुमारे ४६.४ चौरस फूट, आणि बावीस पत्र्यांचे १,०२०. जो एक फूट जास्त आला तो दोन्ही कडांना सहा-सहा इंच वाटता येतो, किंवा वाऱ्याच्या बाजूचे दोन-तीन सांधे दोन पन्हळींचे करता येतात. पश्चिमेकडून झोडपणाऱ्या पावसात हा दुसरा पर्याय बरा. पत्रे बसवायला सुरुवातही वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून करावी, म्हणजे वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे तोंड करून राहत नाही.

कलर कोटेड पत्रा हव्या त्या लांबीत कापून मिळतो, त्यामुळे सव्वातेरा फुटांचा अखंड पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत जातो. सिमेंटचा पत्रा जास्तीत जास्त ३ मीटरचा, म्हणजे दहा फुटांच्या आतच असतो. तिथे प्रत्येक ओळीत दोन पत्रे आणि मध्ये सहा इंचांचा चढाव लागणार. गाडी घरापर्यंत जात नाही आणि पायवाटेने वळणावरून तेरा फुटी पत्रे नेता येत नाहीत, अशी घरंही डोंगराकडे आहेत. तिथे कलर कोटेडचेही दोन तुकडे करावे लागतात. बावीस ओळींना सहा इंचांचा चढाव म्हणजे आणखी साडेअडतीस चौरस फूट. हे आधी विचारलं नाही तर अंदाज तिथेच मोडतो.

आढ्यावरच्या टोपीचा हिशोब वेगळा. ३५ फुटांना दहा फुटी चार तुकडे, मध्ये सहा-सहा इंचांचे चढाव धरून. आणि इथे कोन पुन्हा उपयोगी पडतो: टोपी वाकवून घेताना तिच्या दोन पंखांमधला कोन सांगावा लागतो. १८० मधून दोनदा २५ वजा केले की १३० अंश. टोपी जास्त पसरट असेल तर तिच्या खालच्या कडा पत्र्यावर टेकत नाहीत आणि वाऱ्याने उलटा मारा झाला की पाणी आत जातं.

पडवी आणि बाकलेलं आढं

बऱ्याच घरांना पुढे पडवी असते आणि तिचा उतार मुख्य छपरापेक्षा कमी असतो. फोटोत कड मध्येच मोडलेली दिसते. आढ्यापासून थेट पडवीच्या वळचणीपर्यंत सरळ रेष मारून कोन काढला तर काय होईल? मुख्य पाखं बारा फुटांवर २५ अंश आणि पडवी पुढे सहा फुटांवर १५ अंश धरली, तर दोन्ही तुकड्यांची खरी लांबी १९.४५ फूट येते आणि सरळ रेषेने १९.३९. एक इंचाचाही फरक नाही. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर येतं, आणि म्हणूनच ही चूक कागदावर कधी पकडली जात नाही. पण पत्रा मध्येच वाकत नाही. साडेएकोणीस फुटी पत्रा मागवला तर तो मोडावर अधांतरी राहील. कोन दोन वेगळे काढावेत, पत्रे दोन लांबींचे मागवावेत, आणि पडवीचा पत्रा मुख्य पत्र्याखाली किमान सहा इंच सरकेल एवढी लांबी जास्त धरावी. उतार कमी असल्यामुळे पडवीच्या सांध्यात पाणी मागे चढायची भीती जास्त, तिथे नऊ इंच धरले तरी वावगं नाही.

शेवटची अडचण घराच्या वयाची. आढ्याला मध्ये बाक आलेला असतो, वासे खचलेले असतात. त्रिकोणी भिंतीवरची कड मात्र भिंतीच्या आधाराने शाबूत राहते, त्यामुळे फोटोत छप्पर निरोगी दिसतं. समोरून, लांबीच्या बाजूने आणखी एक फोटो घेऊन आढ्याची रेष सरळ आहे का ते पाहावं, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींचे फोटो वेगवेगळे मोजावेत. दोन टोकांच्या कोनात दोन अंशांपेक्षा जास्त फरक आला तर छप्पर पिळलेलं आहे. अखंड पत्रा अशा सांगाड्यावर नीट बसणार नाही, तेव्हा पत्र्याच्या आधी सुताराला किंवा फॅब्रिकेटरला बोलावावं. कोन मोजताना कौलांची कड न धरता त्यांच्या खालच्या वाशाची कड दिसत असेल तर ती धरावी. कौलं सरकून वळचणीपाशी ढीग झालेला असतो आणि टोकाचा बिंदू त्याने चुकतो.

फोटोचा हा आकडा दर मागवायला, दोन दुकानांचे अंदाज ताडून पाहायला आणि सामान किती गाडीत मावेल ते ठरवायला पुरतो. पत्रा कापायला देताना मात्र नवा सांगाडा उभा राहू द्यावा, मग पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या कैचीवर आढ्यापासून वळचणीपर्यंत टेप धरावी, आणि तिन्हीतल्या सर्वात मोठ्या मापाने ऑर्डर द्यावी. लांब पत्रा वळचणीला कातरता येतो.